पहिल्या भेटीआधी स्थळाला पाठवायचा निरोप: आभार मानायचे, वेळ पक्की करायची, शब्द मात्र द्यायचा नाही

बायोडेटा गेला, पत्रिका झाली, फोनवर बोलणं झालं आणि समोरून “या मग, भेटूया” असं आलं. आता भेटीच्या दिवसापर्यंत एक-दोन निरोप जाणार. ते बिघडतात ते साधारण दोनच प्रकारांनी. काही घरं “ओके, संडे फायनल” एवढंच टाकून मोकळी होतात आणि समोरचे विचारत बसतात, की किती वाजता, किती जण, जेवायचं काय. दुसरी काही घरं इतकी भरभरून लिहितात, की मुलीच्या घरी त्याचा अर्थ ‘होकार आलाच आहे’ असा लावला जातो. मग आठवड्याने नकार कळवताना दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

खालचे टप्पे एक उदाहरण धरून लिहिले आहेत. मुलाकडचे पुण्याचे, मुलगी नाशिकची, भेट मुलीच्या घरी, रविवारी. निरोप मुलाचे वडील लिहीत आहेत. मुलीकडून लिहायचं असेल किंवा भेट हॉटेलात असेल तरी क्रम हाच राहतो, फक्त कोणी काय विचारायचं ते उलटतं.

टप्पा १: लिहिण्याआधी घरात चार गोष्टी ठरवा

निरोप चुकतो तो बहुतेक वेळा घरात काही ठरलेलं नसतानाच तो पाठवल्यामुळे. एक निरोप गेला, मग “आत्याही येणार आहेत” असा दुसरा, मग “साडेतीनऐवजी पाच चालेल का” असा तिसरा. यजमानांच्या घरात तोवर दोनदा बेत बदललेला असतो.

पहिलं, कोण कोण जाणार. पहिल्या भेटीला मुलगा, आई, वडील आणि फार तर एक भावंड, एवढे पुरे. आत्या, मामा आणि मोठे जावई गाडीत बसले की माणसं वाढतातच, शिवाय भेटीला बैठकीचं रूप येतं. वडीलधारी मंडळी आली म्हणजे घराण्याने मनावर घेतलं, असं समोर समजलं जातं, आणि ते समजणं चूक नाही. तेव्हा किती जण येणार हा आकडासुद्धा तुमच्या बाजूने काहीतरी सांगत असतो. तो लहान ठेवा.

दुसरं, वेळ, आणि वेळेबरोबर जेवण. आपल्याकडे साडेअकराला येतो म्हटलं की जेवण आलंच, यजमान कितीही “छे छे, काही करत नाही” म्हणाले तरी. सकाळी अकराला पोहोचून साडेबाराला निघायचं म्हटलं तर ते जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि पोळी-भाजीपासून गोडापर्यंत सगळं केल्यावर नकार देणं दोघांनाही जड जातं. म्हणून पहिल्या भेटीसाठी दुपारी साडेतीन-चार ही वेळ बरी. चहा-नाश्ता होतो, दीड-दोन तासांत उठता येतं.

तिसरं, प्रवासाचा खरा हिशोब. पुणे-नाशिक रस्ता साधारण २१० किलोमीटर. नकाशा साडेचार तास दाखवत असला तरी चाकणची कोंडी आणि वाटेतलं जेवण धरून सहा तास हाताशी ठेवा. साडेतीनला पोहोचायचं तर पुण्यातून साडेनऊला गाडी निघायला हवी, जेवण संगमनेर किंवा सिन्नरला. मुंबईत लोकलने जाणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आधी पाहा. भेटी रविवारीच ठरतात आणि ब्लॉकही रविवारीच असतो.

चौथं, उपवास आणि पथ्य. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आहे का, घरात कोणाला मधुमेह आहे का, कोणाला शेंगदाणा चालत नाही का. हे आधी कळवलं तर यजमानांवर उपकार होतात. पोह्यांची बशी पुढे आल्यावर “मला उपवास आहे” म्हटलं, की आतल्या खोलीत साबुदाण्याची धावपळ सुरू होते.

*तपासणी:* मुलाने स्वतः ‘भेटायला जाऊ’ म्हटलं आहे का? आई-वडिलांनी वेळ ठरवली आणि मुलाची त्या दिवशी शिफ्ट निघाली, हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही.

टप्पा २: कोणी कोणाला लिहायचं ते एकदाच ठरवा

ज्यांच्याशी फोनवर बोलणं झालं त्यांनाच, आणि बोलणाऱ्यानेच लिहायचं. वडील बोलले आणि निरोप काकूंनी पाठवला, तर समोर प्रश्न पडतो की उत्तर कोणाला द्यायचं. मध्यस्थ किंवा विवाह मंडळ असेल तर त्यांना फक्त “भेट ठरली, २२ तारखेला जातोय” एवढं कळवा. पत्ता, वेळ असे तपशील त्यांच्यामार्फत फिरवू नका, कारण दोन तोंडांतून गेल्यावर साडेतीनचे साडेचार होतात.

मुलगा-मुलगी आपसात बोलत असतील तर उत्तमच, पण व्यवस्थेबद्दलचं अंतिम बोलणं एकाच जोडीत ठेवा. दोघांनी परस्पर “कॅफेत भेटूया” ठरवायचं आणि घरच्यांनी घरी, असा घोळ झाला तर दोन्ही घरांना वाटतं की समोरचेच बदलतायत.

*सावध:* “सोयीसाठी” दोन्ही घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. ग्रुप झाला की त्यात रोज सकाळी सुविचार येतात, सणाच्या शुभेच्छा येतात आणि न ठरलेलं नातं ठरल्यासारखं वागू लागतं. नकारानंतर त्यातून बाहेर पडणं हा आणखी वेगळा प्रसंग.

टप्पा ३: पहिला निरोप, फोन झाला त्याच दिवशी

फोनवर वेळ ठरली असली तरी लिहून पाठवायचंच, आणि संध्याकाळच्या आत. दोन दिवस गेले की समोरच्यांना तुम्ही द्विधा आहात असं वाटू लागतं. रात्री दहानंतर मात्र पाठवू नका.

क्रम असा ठेवा: आधी आभार, मग ठरलेलं, मग विचारायचं, शेवटी बदल झाला तर काय. हा क्रम उलटून पत्ता आधी मागितला तर निरोप कुरिअरवाल्याचा वाटतो. आभार शेवटी ढकलले तर ते नुसते शिष्टाचाराचे वाटतात.

आभार एका ठरावीक गोष्टीचे माना. “आपले खूप खूप मनःपूर्वक आभार” यात काहीच नाही. समोरच्यांनी रविवार मोकळा ठेवला आहे, घरी बोलावलं आहे, फोनवर मोकळेपणाने बोलले आहेत. यातलं जे खरं आहे ते एका वाक्यात लिहा. एवढ्याने निरोपाला ऊब येते आणि त्यात कोणताच शब्द गुंतत नाही.

तारीख लिहिताना वार आणि तारीख दोन्ही हवेत. ‘येत्या रविवारी’ आणि ‘पुढच्या रविवारी’ यांत गुरुवार-शुक्रवारी हमखास गोंधळ होतो. वेळेपुढे ‘दुपारी’ लिहा आणि पोहोचण्याचीच वेळ द्या, निघण्याची नको.

उदाहरणातला निरोप:

> नमस्कार (आडनाव)साहेब,
> आज फोनवर मोकळेपणाने बोलणं झालं, बरं वाटलं. सुट्टीचा दिवस आमच्यासाठी राखून घरी बोलावलंत, त्याबद्दल तुमचे आणि वहिनींचे आभार.
> ठरल्याप्रमाणे रविवार, २२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही पोहोचू. मुलगा, त्याची आई आणि मी असे तिघेच येत आहोत. जेवण वाटेत करून येऊ, त्यामुळे चहापलीकडे काही करू नका. साडेपाचच्या सुमारास परतीला निघावं लागेल.
> दोन गोष्टी विचारायच्या होत्या. घराचं लोकेशन आणि गाडी कुठे लावायची ते सवडीने पाठवाल का? आणि तुमची हरकत नसेल तर मुलांना अर्धा तास निवांत बोलता यावं असं वाटतं. तुमच्या लेकीला ते चालणार असेल तरच.
> काही कारणाने दिवस बदलावा लागला तर निःसंकोच सांगा.
> (नाव)

यातल्या तीन गोष्टी मुद्दाम आहेत. ‘साडेपाचला निघावं लागेल’ हे आधीच सांगितल्यामुळे भेट आवडली नाही म्हणून लवकर उठले असा अर्थ कोणी काढत नाही. उलट, भेट रंगली तर अर्धा तास जास्त बसायला कोणी अडवत नाही. मुलांच्या स्वतंत्र बोलण्याचं आधी विचारलं आहे, कारण सगळ्यांसमोर “जा, तुम्ही गच्चीवर बोला” म्हटलं की मुलीला नाही म्हणता येत नाही. आणि शेवटचं वाक्य समोरच्यांना सुटायची जागा देतं. त्यांचं मन बदललं असेल तर ते आताच कळलेलं बरं, सिन्नरला पोहोचल्यावर नको.

*सावध:* या निरोपात नवीन चौकशी घुसडू नका. पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, पत्रिकेतला मंगळ, हे विचारायचं होतं तर फोनवर विचारायचं. आभारांच्या शेपटीला प्रश्न जोडला की आभार खोटे वाटतात.

टप्पा ४: पाठवण्याआधी शब्द गाळून घ्या

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या बोलण्यात जिव्हाळा आणि होकार यांचे शब्द बरेचदा एकच असतात. लिहिणाऱ्याला वाटतं आपण नम्रपणे बोलतोय, वाचणाऱ्याला शब्द मिळाल्यासारखं वाटतं. खालची वाक्यं चांगल्या मनाने लिहिली जातात आणि नेमकी तीच पुढे आठवण करून दिली जातात.

“स्थळ आम्हाला सर्व दृष्टीने पसंत आहे.” भेटीआधी पसंतीचा शब्द काढायचाच नाही. लिहायचंच असेल तर “बायोडेटा वाचून भेटावंसं वाटलं”. हे खरंही आहे आणि पुरेसंही.

“आता फक्त औपचारिकता आहे” किंवा “योग जुळून आला”. दोन्हींचा अर्थ मुलामुलींचं मत विचारात नाही असा होतो. मुलीला हे वाचून दाखवलं गेलं तर ती पहिल्याच पायरीवर बिथरते, आणि तिचं बरोबर असतं.

“पुढची बोलणी तिथेच करू.” बोलणी म्हणजे देणंघेणं, याद्या, मुहूर्त. पहिल्या भेटीत त्यातलं काही नसतं. “बाकी भेटल्यावर बोलू” एवढं म्हणा.

“पत्रिका छान जुळते, २८ गुण आहेत.” पत्रिका पाहणाऱ्या घरांत ३६ पैकी १८ गुण पुरेसे मानतात, त्यामुळे २८ हा आकडा जवळजवळ होकारासारखा वाचला जातो. पत्रिका पाहिली असेल तर “पत्रिका पाहिली, भेटायला हरकत नाही” इथे थांबा. मुलाकडच्यांचं वजन अजूनही अनेक घरांत जास्त धरलं जातं, म्हणून त्यांनी हे अधिक सांभाळावं.

“आमच्या लेकीसारखीच मानू”, “आता आपण एकच घर”. यावर काही समजावायला नको.

मुलीच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लिहिणारेही भेटतात. ती लग्नपत्रिकेतली उपाधी आहे. नुसतं नाव किंवा ‘तुमची लेक’ पुरे.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगायला हवी. शब्द सांभाळण्याच्या नादात काहीजण “मुलगी बघायला येत आहोत, पुढे बघू” असं लिहितात. ‘बघायला’ काढा, ‘भेटायला’ लिहा. आणि “अजून दोन-तीन ठिकाणं पाहायची आहेत” हे खरं असलं तरी त्याची जागा इथे नाही. न विचारता सांगितलेला खरेपणा इथे नुसता बोचतो.

*तपासणी:* निरोप घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला या स्थळाबद्दल काही माहीत नाही. त्याला विचारा, “यांचं ठरलंय असं वाटतं का?” तो क्षणभर जरी अडखळला, तर कोणत्या वाक्यावर अडखळला ते विचारा आणि ते काढा.

टप्पा ५: उत्तर आल्यावर

निळी खूण म्हणजे उत्तर नव्हे. अंगठ्याचं चिन्ह आलं तरी पत्ता आलेला नाही. एक पूर्ण दिवस थांबा आणि मग लिहिण्याऐवजी फोन करा: “निरोप मिळाला ना, लोकेशन तेवढं राहिलं होतं.” लागोपाठ दोन स्मरणपत्रं पाठवू नका.

लोकेशन आलं की ते उघडून पाहा. नकाशातली खूण पुष्कळदा सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते आणि फाटक दुसऱ्या रस्त्याला असतं. इमारतीचं नाव, विंग, मजला आणि जवळची एक खूण लिहून मागा. मोठ्या सोसायटीत गेटवर नोंद लागते, तेव्हा गाडीचा नंबर आधी कळवलेला बरा.

समोरून “जेवूनच जा” असा आग्रह आला तर? एकदा नम्रपणे नाही म्हणा: “आग्रह पोहोचला, पण परतीचा प्रवास लांबचा आहे, या वेळी चहाच पुरे.” ‘पुढच्या वेळी नक्की जेवू’ हे तोंडातून सहज निघतं, आणि त्यातच एक पुढची वेळ कबूल होते. ते टाळा.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल आणि पहिली भेट व्हिडिओवर असेल, तर दोन्हीकडच्या वेळा लिहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं सरकतात. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. ऑक्टोबरात ठरवलेला नोव्हेंबरचा कॉल हमखास तासाने चुकतो तो यामुळे.

टप्पा ६: आदल्या दिवशी एक ओळ, निघाल्यावर एक

शनिवारी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास:

> नमस्कार. उद्या ठरल्याप्रमाणे दुपारी साडेतीनपर्यंत पोहोचतो. तिघेच आहोत. भेटूया.

पुन्हा आभार नकोत, उत्सुकता नको. “उद्याची आतुरतेने वाट पाहतोय” हे वाक्य मुलाच्या वडिलांनी लिहिलं की जास्त होतं. उपवास किंवा पथ्य सांगायचं राहिलं असेल तर सांगायची ही शेवटची वेळ.

रविवारी वाटेत एकदाच, साधारण तासभर अंतर राहिलं असताना कळवा. सिन्नरहून निघताना “तासाभरात येतो” म्हटलं की यजमानांना चहा-पोह्यांची वेळ जमते. उशीर वीस मिनिटांपेक्षा जास्त होणार असेल तर लिहू नका, फोन करा, आणि नवी वेळ थोडी सैल सांगा. साडेतीनचे चार म्हणून सव्वाचारला पोहोचण्यापेक्षा सव्वाचार सांगून चारला पोहोचलेलं बरं.

हातात काय न्यायचं, याचाही विचार इथेच करा. फळं किंवा बाकरवडीसारखं काही खारं चालतं. पेढ्यांचा पुडा नको, कारण पेढे आनंदाच्या बातमीचे असतात. मुलीसाठी साडी, ओटीचं सामान, चांदीची वस्तू हे तर नाहीच. निरोपात सांभाळलेलं सगळं एका पुड्याने उधळलं जातं.

टप्पा ७: भेटीनंतरचे आभार, निर्णयापासून वेगळे

घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजणार. तेव्हा “सुखरूप पोहोचलो” एवढंच त्याच रात्री, आणि आभार सोमवारी सकाळी:

> नमस्कार. काल तुम्ही सगळ्यांनी आपुलकीने पाहुणचार केलात, त्याबद्दल आभार. वहिनींनी केलेला नाश्ता आवडला, हे त्यांना नक्की सांगा. घरात बोलून आम्ही बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवतो. तुम्हीही तुमच्या लेकीशी निवांत बोला.

‘लवकरच कळवतो’ लिहू नका. लवकर म्हणजे किती, यावर मुलीच्या घरी आठवडाभर चर्चा चालते. दिवस सांगा आणि स्वतःला झेपेल असा सांगा. कौतुक पाहुणचाराचं करा, मुलीचं नको. “लेक फार गोड आहे” या वाक्यानंतर आलेला नकार तिला जास्त लागतो.

या निरोपात होकारही नको आणि नकारही नको, मन पक्कं झालेलं असलं तरी. होकार फोनवर, मुलाशी पुन्हा बोलून झाल्यावर द्यायचा. नकार स्वतंत्र, दोन वाक्यांचा, कारणांच्या यादीशिवाय: “घरात विचार केला, पुढे जाणं जमेल असं वाटत नाही. तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभार, लेकीला शुभेच्छा.” पत्रिकेवर ढकलू नका. ती भेटीआधी पाहिली होती, हे त्यांना माहीत असतं.

बुधवारी संध्याकाळी काहीच ठरलं नसेल तरी निरोप जायलाच हवा: “मुलाला अजून दोन दिवस हवे आहेत, शनिवारी नक्की सांगतो. तोवर तुम्ही दुसरीकडे बोलत असाल तर आमची हरकत नाही.” दुसरं वाक्य विसरू नका. ते नसेल तर मुलीकडचे तुमच्यासाठी थांबून राहतात. शनिवारची मुदत पुन्हा वाढवायची वेळ आली, तर मात्र लिहू नका, फोनच करा.